रजा कुणाची, अट कुणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नोकरी करीत असताना जो कामगार वा कर्मचारी पुढचे शिक्षण घेऊ पाहतो, त्याला रजा मिळावी की नाही, याविषयी आपल्यात मतभेद असण्याचे कारण नाही. त्यामुळे त्या प्रश्नावर मी आपला वेळ घेणार नाही. खरा पेच पुढेच आहे. रजा मंजूर होते, आणि मंजुरीच्या पत्राबरोबर आणखी एक कागद समोर ठेवला जातो. त्याला सरकारी भाषेत बंधपत्र म्हणतात आणि कारखान्यात नुसते ‘बाँड’. रजेवरून परतल्यावर तीन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक लाख रुपये भरीन, मूळ प्रमाणपत्रे तोपर्यंत कंपनीच्या ताब्यात राहतील, असा तो मजकूर असतो. रजेच्या आनंदात माणूस सही करून मोकळा होतो. दोन वर्षांनी तो तुमच्याकडे युनियनच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याचा प्रश्न रजेचा नसतो, त्या कागदाचा असतो. म्हणून आज त्या कागदाविषयीच बोलू.

मालकाला अट घालता येते का? येते. याबाबतीत भ्रमात राहू नये. पण अट किती घालता येते हे मोजण्यासाठी एकच प्रश्न आधी विचारावा लागतो: मालकाने या माणसाला नेमके काय दिले? जे दिले त्यापुरतीच अट टिकते. जे दिलेच नाही त्याच्या नावाने घातलेली अट कागदावर कितीही ठसठशीत असली, तरी ती न्यायालयात सिद्ध करणे मालकाला जड जाते. माझे आजचे सगळे म्हणणे या एका सूत्रात आहे.

आता रजेचे प्रकार पाहा. कर्मचारी परीक्षेला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो आपली अर्जित रजा वापरतो. ही रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने ती कामगाराच्या खात्यात जमा होत आली आणि नव्या श्रमसंहितेनेही तेच प्रमाण ठेवले आहे. तो दिवस कामगाराने आधीच कमावलेला असतो. स्वतःच्या खात्यातले पैसे काढताना बँकेने तुम्हांला पुढील तीन वर्षे खाते बंद न करण्याचा करार लिहून मागावा, तसा हा प्रकार झाला. अर्जित रजा केव्हा घ्यावी याबाबत मालकाला कामाच्या सोयीचे कारण सांगता येईल, पूर्वसूचना मागता येईल. पण त्या रजेपोटी नोकरीचा बंध मागता येणार नाही, कारण त्या व्यवहारात मालकाने आपल्या पदरचे काहीच घातलेले नाही.

बिनपगारी रजेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे मालक वेतन देत नाही, परंतु जागा राखून ठेवतो आणि सेवाज्येष्ठता अबाधित ठेवतो. हे काहीच नव्हे असे मी म्हणणार नाही. मात्र त्याची किंमत लाखांत सांगू लागला, तर हिशेब मागावा. आणि खरी अध्ययन रजा म्हणजे जिच्यात वेतन चालू राहते, ती खात्यातल्या रजेतून वजा होत नाही, कधी शुल्कही मालक भरतो. येथे मालकाने खरोखरच काही दिलेले असते, आणि म्हणून अटीचा प्रश्न येथेच गंभीरपणे उभा राहतो.

या रजेचा आपल्या देशातील सर्वांत रेखीव नमुना केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत आहे. खासगी कंपन्यांचे कर्मचारी व्यवस्थापक बंधपत्राचा मसुदा करताना अनेकदा याच नियमांतील शब्द उचलतात, पण अर्धेच. म्हणून तो नमुना पुरा माहीत असावा. परिवीक्षा काल पुरा करून पाच वर्षे नियमित सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला ही रजा मिळू शकते. एका वेळी साधारणतः बारा महिने आणि साऱ्या सेवाकाळात चोवीस महिने, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. भारतात शिकत असताना रजेवर जाण्यापूर्वीच्या मूळ वेतनाइतके रजा वेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. ही रजा रजेच्या खात्यातून वजा होत नाही, आणि तो काळ पदोन्नती, ज्येष्ठता व निवृत्तिवेतन यांसाठी सेवा म्हणून धरला जातो. शिष्यवृत्ती वा अर्धवेळ कामाचे मानधन मिळत असेल तर ते रजा वेतनात समायोजित होते, पण अर्धवेतनी रजेत मिळाले असते त्याखाली वेतन उतरवता येत नाही.

विषय कामाशी निगडित असावा ही अट आहेच. तरीही नियम ५० मध्ये एक कलम मला नेहमी लक्षणीय वाटत आले आहे. कामाशी थेट संबंध नसला, तरी ज्या अभ्यासाने कर्मचाऱ्याच्या मनाची कक्षा रुंदावेल आणि त्यामुळे त्याची सेवक म्हणून योग्यता वाढेल, त्यासाठीही ही रजा देता येते. नोकरशाहीच्या नियमपुस्तकात असे वाक्य सापडावे, याचे कुणालाही कौतुक वाटेल. खासगी बंधपत्रांत मात्र हे कलम कुणी उचललेले माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्याच्या बदल्यात सरकार काय मागते? परतल्यावर तीन वर्षे सेवा, आणि त्याचे बंधपत्र. केंद्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी छत्तीस महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, म्हणून त्यांच्याकडून पाच वर्षे. बंध मोडला तर काय, हे नियम ६३ मध्ये आहे, आणि साथींनो, हा नियम आपण बारकाईने वाचावा. परत येते ती रक्कम कोणती? प्रत्यक्ष दिलेले रजा वेतन, प्रत्यक्ष दिलेला अध्ययन भत्ता, शुल्क, प्रवास वगैरेंचा प्रत्यक्ष खर्च आणि मागणी केल्याच्या तारखेपासून सरकारी कर्जाच्या दराने व्याज. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द त्या नियमाचा कणा आहे. दहशत बसावी म्हणून तेथे ठोक आकडा लिहिलेला नाही. शिवाय त्याच नियमात पुढे असे आहे की, बंध मोडणाऱ्याची ती अध्ययन रजा त्याच्या खात्यावर तेव्हा शिल्लक असलेल्या नेहमीच्या रजेत रूपांतरित करायची आणि उरलेली असाधारण रजा धरायची. याचा अर्थ असा की, जेवढी रजा त्याच्या हक्काची होती तेवढ्याचे वेतन त्याचेच राहते. प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होऊ दिलेल्याला ही वसुली लागू नाही. आणि विशेष परिस्थितीत ही रक्कम माफ वा कमी करण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या नावाने शासनाकडे राखून ठेवलेला आहे.

या नियमात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. तीन वर्षांपैकी अडीच वर्षे इमानाने काम केलेला आणि परतल्यावर दुसऱ्याच महिन्यात गेलेला, या दोघांत नियमाचा मजकूर फरक करीत नाही. वसुली पुरी. प्रमाणशीर घट व्हायची तर ती माफीच्या अधिकारातून, म्हणजे वरिष्ठांच्या मर्जीतून. आपल्या मागणीपत्रात ही चूक उतरता कामा नये.

सरकारी नोकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. रजा हा हक्क नव्हे, मंजूर करणारा अधिकारी ती नाकारू शकतो, असे या नियमांत स्पष्ट आहे. पण त्याच ठिकाणी हेही आहे की, जी रजा देय आहे आणि मागितली आहे, तिचा प्रकार अधिकाऱ्याला आपल्या मनाने बदलता येत नाही. अर्जित रजा मागितली आणि ‘असाधारण’ म्हणून मंजूर केली, असे घडले तर ते नियमाविरुद्ध आहे.

आता सरकारी नियमांच्या बाहेर येऊ, म्हणजे जेथे फक्त करार आहे तेथे. येथे १८७२ चा करार कायदा लागू होतो. त्याची दोन कलमे पुरेत. कलम २७ सांगते की, कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. कलम ७४ सांगते की, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहिले असेल, तर ती रक्कम ही कमाल मर्यादा समजायची. प्रत्यक्षात मिळायची ती तिच्या आतली वाजवी भरपाई.

पहिल्या कलमाविषयी आपल्या कार्यकर्त्यांत एक गैरसमज पक्का बसला आहे की, कलम २७ मुळे सगळेच बाँड बेकायदा ठरतात. तसे नाही. कल्याणच्या रेयॉन कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६७ साली निकालात निघाला. टायर कॉर्डच्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेले होते. एका पाळी पर्यवेक्षकाला १९६३ मध्ये नऊ महिने त्याचे प्रशिक्षण दिले होते, आणि करार पाच वर्षांचा होता. तो मुदतीआधीच निघून राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात लागला. कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते त्याने तसल्या प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, हा मनाईहुकूम न्यायालयाने कायम केला. नोकरी चालू असतानाच्या काळातले बंधन आणि नोकरी संपल्यानंतरचे बंधन यांत न्यायालयाने फरक केला. पहिले टिकू शकते, दुसरे कलम २७ मध्ये सापडते. मात्र हेही ध्यानात घ्या की, त्याला पुन्हा कल्याणला आणून कामाला जुंपा असे न्यायालय म्हणाले नाही. कोणाही माणसाकडून जबरीने वैयक्तिक सेवा करून घेण्याचा हुकूम आपली न्यायालये देत नाहीत. म्हणजे बंधाची परिणती फार तर पैशात, किंवा फार तर मर्यादित मनाईत होते.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा, मे २०२५ मधला. तेव्हाच्या विजया बँकेने (ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली) अधिकारी भरतीच्या वेळीच तीन वर्षांची सेवा अथवा दोन लाख रुपये अशी अट घातली होती. एक अधिकारी दोन वर्षांच्या आतच दुसऱ्या बँकेत गेला, निषेध नोंदवून त्याने दोन लाख भरले आणि ते परत मागितले. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. सार्वजनिक बँकेला खुल्या स्पर्धेतून भरती करावी लागते, मुदतीआधी माणूस गेला की तो सारा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि त्या हुद्द्याच्या वेतनाच्या मानाने ही रक्कम राजीनामा अशक्य करील इतकी मोठी नाही, असा न्यायालयाचा विचार होता.

हा निकाल आल्यापासून काही व्यवस्थापक तो हातात घेऊन फिरतात. त्यांना तो पुरा वाचायला सांगा. त्यातच न्यायालयाने म्हटले आहे की, छापील नमुन्याचे नोकरीचे करार हे दोन पक्षांच्या असमान ताकदीचे सकृद्दर्शनी लक्षण होय, आणि असे बंधन सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, नोकरावर नाही. ज्या तत्त्वावर हे उभे आहे ते १९८६ च्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या निकालात आलेच होते: दुबळ्या पक्षाला निवड करण्याची संधीच नसताना लादलेली, विवेकबुद्धीला न पटणारी अट करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही. दोन लाख टिकले ते बँकेने त्यामागचे कारण दाखवले म्हणून. ज्या मालकाला कारण दाखवता येत नाही, त्याला त्या निकालाचा आधार घेता येणार नाही.

कलम ७४ चे गणित कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका खासगी कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणारी एक कर्मचारी भगिनी बहिःस्थ म्हणून एम.कॉम. करते आहे. तिचे वेतन महिना ३०,००० रुपये. कंपनीने परीक्षेसाठी तिला पंधरा दिवसांची भरपगारी विशेष रजा दिली आणि परीक्षेसह शुल्काचे १२,००० रुपये भरले. याशिवाय अभ्यासासाठी तिने स्वतःची दहा दिवसांची अर्जित रजा घेतली. बदल्यात छत्तीस महिन्यांचा बंध आणि मोडल्यास दोन लाख रुपये, असा कागद झाला. वीस महिन्यांनी तिला चांगली जागा मिळाली आणि तिने राजीनामा दिला. कंपनी दोन लाख मागते.

कंपनीने काय दिले? दिवसाला एक हजार धरून पंधरा दिवसांचे १५,००० आणि शुल्काचे १२,०००, मिळून २७,०००. दहा दिवसांची अर्जित रजा हिशेबात येत नाही. ती तिची होती. या २७,००० च्या बदल्यात कंपनीला छत्तीस महिन्यांची सेवा हवी होती, त्यांतली वीस मिळाली. उरली सोळा. सत्तावीस हजारांचे छत्तीसांश सोळा म्हणजे १२,००० रुपये. माझ्या मते वाजवी भरपाईचा हा प्रामाणिक आकडा आहे. कंपनीने तिच्याऐवजी दुसरा माणूस नेमण्याचा खर्च दाखवला तर त्यात थोडी भर पडेल, पण तो खर्च कागदोपत्री दाखवावा लागेल. कैलासनाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध केले पाहिजे, मोजणे अशक्य वा अवघड असेल तेव्हाच आधी ठरवलेली रक्कम, आणि तीही प्रामाणिक अंदाज असेल तर, ग्राह्य धरता येते. येथे तर नुकसान पावत्यांवर मोजता येते. मग दोन लाखांतले उरलेले १,८८,००० रुपये काय आहेत? तो दंड आहे. आणि दंड करण्याचा अधिकार करार कायद्याने मालकाला दिलेला नाही.

न्यायाधीश दर वेळी नेमके याच प्रमाणाने मोजतील, असे वचन मी देत नाही. प्रशिक्षणाचा खर्च मोठा असेल, किंवा माणूस गेल्याने काम अडले हे दाखवता आले, तर आकडा चढेल. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर हा हिशेब लिहून पुढे ठेवला की बोलणे दोन लाखांवरून न सुरू होता बारा हजारांवरून सुरू होते, आणि कामगाराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

व्यवहारात मात्र मालक दिवाणी न्यायालयात जातच नाही. त्याला त्याची गरज पडत नाही, कारण शेवटचा पगार त्याच्या हातात असतो. तो तेवढाच अडवून ठेवतो. येथे कायदा आपल्या बाजूने अधिक ठाम आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून तत्त्व असे आहे की, कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज वेतनातून कपात करता येत नाही, आणि बंधपत्राची रक्कम त्या यादीत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही कपातींची अशी बंदिस्त यादीच आहे. जुन्या कायद्याचे संरक्षण महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच होते. संहितेत ती मर्यादा उरलेली नाही, म्हणून आपल्या उदाहरणातल्या भगिनीलाही ते लागू होते. शिवाय राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करावे, असे संहिता सांगते. नव्या संहितांविषयी माझी नाराजी मी इतरत्र बोललो आहे. पण हातात आलेले हत्यार वापरू नये, असे थोडेच आहे! मालकाची भरपाई खरी असेल तर त्याने दावा लावावा. स्वतःच वादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच बेलीफ, असे त्याला होता येणार नाही.

मूळ प्रमाणपत्रांचे तसेच. पदवीचे मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रिका, जन्माचा दाखला हे तारण ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. तपासून परत द्यावे, साक्षांकित प्रत ठेवावी, एवढेच मालकाला करता येते. त्याहून धोक्याचा आहे तो सही केलेला कोरा धनादेश. तो वटला नाही तर फौजदारी फिर्याद होते, आणि तो देण्यासाठीच दिला होता असे गृहीत धरून कायदा पुढे चालतो. उलट सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. बंधपत्रावरची सही पुढे लढता येते, कोऱ्या धनादेशावरची सही लढताना घाम फुटतो. कार्यकर्त्यांनी आपल्या माणसांना एवढे तरी आवर्जून सांगावे.

आता परीक्षा रजा. तीविषयी थोडे सांगून थांबतो. खासगी उद्योगातील कामगाराला परीक्षेसाठी स्वतंत्र रजा देणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सरकारी खात्याच्या सक्तीच्या परीक्षेचे दिवस कामावर धरले जातात, कारण ती परीक्षा खात्याची गरज असते. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी मात्र मिळते ती करारातून, म्हणजे युनियनने केलेल्या तडजोडीतून किंवा सेवानियमांतून. त्यामुळे तडजोडीतले शब्द फार जपून निवडावे लागतात.

नेहमी काय चुकते ते सांगतो. तडजोडीत ‘परीक्षेसाठी दहा दिवस’ असे लिहिलेले असते. कामगार वेळापत्रक पाहून तारखा देतो. विद्यापीठ एखादा पेपर पंधरा दिवस पुढे ढकलते, आपल्या विद्यापीठांची ही सवय काही नवी नाही. रजा संपलेली असते, आणि पुढे गेलेल्या पेपरच्या दिवशी पर्यवेक्षक त्याला कामावर बोलावतो. म्हणून रजा तारखांना न बांधता पेपरांना बांधावी: प्रत्येक पेपरचा दिवस, त्याच्या आदला दिवस, आणि केंद्र परगावी असल्यास प्रवासाचा दिवस, पेपर पुढे गेला तर रजाही त्याबरोबर पुढे जाईल. दुसरी चूक अर्जाच्या मुदतीची. पंधरा दिवस आधी अर्ज हवा असे म्हणतात, आणि वेळापत्रक हातात येते आठ दिवस आधी. यावर उपाय असा की, परीक्षेचा अर्ज भरल्याबरोबर शुल्काच्या पावतीसह रजेचा अर्ज देऊन पोच घ्यावी, वेळापत्रक आणि प्रवेशपत्र मागाहून जोडावे, आणि हे चालेल असे तडजोडीतच लिहून घ्यावे. तिसरी चूक रात्रपाळीची. रजा पेपरच्या दिवसाची असते, पण आदल्या रात्रीची पाळी सकाळी सातला सुटते आणि पेपर दहाला असतो. ‘आदल्या दिवसाची कोणतीही पाळी’ हे चार शब्द कमी पडल्यामुळे माणूस डोळ्यांवर झोप घेऊन पेपरला बसतो.

मालकाच्या कोणत्या अटी येथे रास्त? प्रवेशपत्राची प्रत, परीक्षेनंतर केंद्राचा उपस्थितीचा दाखला, एकाच परीक्षेसाठी दोन वा तीन प्रयत्नांपर्यंतच भरपगारी रजा, एकाच विभागातील सगळे एकाच दिवशी जाणार असतील तर आगाऊ कळवणे. यांना आपण हरकत घेऊ नये. परीक्षेला न बसताच रजा घेणारा आपलाच सभासद असतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची रजा अडते. नापास झाल्यास रजेचा पगार परत, ही अट मात्र मान्य करू नये. दोन वर्षांच्या अध्ययन रजेत अभ्यासक्रमच अर्धवट टाकला तर वसुली होणे वेगळे. दिवसभर यंत्रावर उभे राहून परीक्षेला बसलेल्या माणसाच्या एका विषयातल्या अपयशाची किंमत त्याच्या पगारातून घेणे वेगळे. आणि एकाला रजा, दुसऱ्याला तो युनियनचा म्हणून नकार, असे झाले तर तो रजेचा प्रश्न राहत नाही. गुणवत्ता सोडून एका गटाला झुकते माप देणे आणि केलेली तडजोड न पाळणे, या दोन्ही गोष्टी औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेल्या होत्या आणि औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही आहेत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये भरपगारी शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार केला. त्यात रजेचे तीन हेतू सांगितले आहेत: कोणत्याही पातळीवरचे प्रशिक्षण, सर्वसाधारण, सामाजिक व नागरी शिक्षण, आणि कामगार संघटनेचे शिक्षण. भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही. तिसरा हेतू वाचला की, का केला नसावा याचा तर्क आपण करू शकतो. हा अभ्यासवर्गदेखील आपण रविवारी घेतो आहोत, हे सहज आठवले.

तर पुढच्या तडजोडीच्या मसुद्यात या विषयाची पाच वाक्ये तरी असावीत असे मला वाटते. अर्जित रजेवर कोणताही बंध नाही. बंधाची मुदत भरपगारी रजेच्या काळाच्या प्रमाणात, पंधरा दिवसांना तीन वर्षे नव्हे. वसुली प्रत्यक्ष दिलेल्या रकमेची, आणि केलेल्या सेवेच्या प्रमाणात दरमहा घटणारी. मालकानेच कामावरून कमी केले, प्रकृती बिघडली किंवा कारखाना बंद पडला, तर वसुली नाही. आणि मूळ कागदपत्रे वा कोरे धनादेश घेतले जाणार नाहीत. तिसऱ्या वाक्यावर व्यवस्थापन सर्वांत अधिक अडेल. तेथे नियम ६३ मधला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द त्यांच्यापुढे ठेवा; सरकार आपल्या नोकराकडून त्याहून अधिक मागत नाही, मग तुम्ही कोणत्या आधारावर मागता, एवढेच विचारा.